पाठीवरच्या सहा ओळी

माझ्या टेबलावरच्या पॉवर बँकेच्या पाठीवर सहा ओळी छापल्या आहेत. राखाडी प्लॅस्टिकवर त्याहून जरा फिकट राखाडी शाई, आणि अक्षर तिळाएवढं. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्या पुन्हा वाचल्या, आणि इतकं नेमकं लिहिलेलं गद्य फार क्वचित हाती येतं, असं मनापासून वाटलं. पहिली ओळ मॉडेलच्या नंबराची. दुसरी : ‘बॅटरीची क्षमता १०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-अवर’. तिसरी : ‘रेटेड क्षमता ५,८०० एमएएच, ५ व्होल्ट २ अँपिअरला’. मग आत किती वीज घेते, बाहेर किती देते, आणि शेवटी भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक.

वाचणाऱ्याचा पाय अडखळतो तो दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर जाताना. दहा हजारांचे पाच हजार आठशे कसे झाले? बहुतेकांना इथे फसवणुकीचा वास येतो. माझ्या मते लेबलाचा सगळा प्रामाणिकपणा याच दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर. १,००० मिलीअँपिअरचा करंट एक तास वाहिला की १,००० एमएएच झाले. पण किती वाहिलं हे कळलं तरी ते किती जोराने वाहिलं, हे त्यात येत नाही. ‘माझ्याकडे दहा हजार नाणी आहेत’ असं कोणी सांगितलं, तर आपण लगेच विचारू, कसली नाणी? दुसऱ्या ओळीतला ३.७ व्होल्ट हा आकडा त्याचंच उत्तर देतो. लिथियम सेलचं स्वतःचं नाणं साधारण ३.७ चं असतं. दहा अँपिअर-अवर गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॉट-अवर, हे गाठीचं खरं धन. ओळीतले तीन आकडे एकमेकांची साक्ष काढतात. पहिल्या दोहोंचा गुणाकार करा, तिसरा यायलाच हवा. शेवटचा ३७ तर विमानतळावर उपयोगी पडतो, कारण तिथली मर्यादा वॉट-अवरमध्येच आहे : हातातल्या सामानात, खास परवानगीशिवाय, १०० वॉट-अवरपर्यंत. बाजारात २६,८०० एमएएच असा विचित्र आकडा दिसतो, त्याला ३.७ ने गुणून बघा. ९९ आणि वर थोडं येतं.

हा १०,००० चा आकडा खोटा नाही. सेल बनवणारा तो ठरलेल्या रीतीने मोजतो. सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचा, साधारण २० अंश तापमानाला ठेवायचा, आणि पाच तासांत रिकामा होईल इतक्या संथ करंटने, व्होल्टेज तीनच्या आसपास किंवा थोडं खाली येईपर्यंत उतरवायचा. आपल्या १०,००० च्या सेलसाठी हा करंट दोन अँपिअरचा. असं मोजलं की १०,००० भरतात. पण ते सेलच्या टोकांवर, सेलच्या नाण्यात.

आपला फोन मात्र यूएसबीच्या तारेवर ५ व्होल्टचं नाणं मागतो. म्हणून आत एक बूस्ट सर्किट बसवलेलं असतं आणि ते ३.७ चे ५ करून देतं. ३७ वॉट-अवर पाचाच्या नाण्यात मोजले की ७,४०० एमएएच होतात. दहा हजारांतले पहिले २,६०० इथे वजा होतात, आणि ते कोणी खाल्लेले नसतात. धन तेवढंच राहतं, फक्त नाणी मोठी झाल्यामुळे संख्या कमी दिसते. मग सर्किट आपला बट्टा कापून घेतं. पूर्वी सराफाकडे एका चलनाचं दुसरं करून घेताना बट्टा जायचा, तसाच. हा बट्टा उष्णतेच्या रूपाने जातो, म्हणून चार्जिंग चालू असताना पॉवर बँक हाताला कोमट लागते. चांगल्या सर्किटचा बट्टा दहा-पंधरा टक्के असतो आणि करंट जितका जास्त ओढावा तितका तो वाढतो. म्हणूनच तिसऱ्या ओळीतलं ‘५ व्होल्ट २ अँपिअरला’ हे शेपूट मला त्या लेबलातलं सगळ्यांत सुंदर वाटतं. नुसतं ५,८०० लिहिलं असतं तर तो दावा झाला असता. अट सोबत लिहिल्यामुळे वाटेल त्याला तो तपासून बघता येतो.

मी तपासला. यूएसबीच्या तोंडावर बसणारा छोटा मीटर लावला आणि त्याच्यापुढे ठरावीक करंट ओढणारा लोड. लोडचं बटण २ अँपिअरवर ठेवून मी घड्याळ पाहिलं. पॉवर बँक ३ तास ३ मिनिटं चालली आणि पडली. मीटरवर ६,१०० एमएएच, साडेतीस वॉट-अवर. छापलं होतं त्यापेक्षा तीनशे जास्त. ३७ पैकी साडेतीस हाती आले, म्हणजे बट्टा सुमारे अठरा टक्के. दोन अँपिअरच्या ओढीला हा वाजवी म्हणायचा. मोजताना एक पथ्य मात्र पाळायला हवं. पॉवर बँक फास्ट चार्जिंगमध्ये ९ व्होल्टवर गेली की मीटरवरचे एमएएच धडाधड कमी दिसू लागतात, कारण नाणं आणखी मोठं झालेलं असतं. तेव्हा नजर वॉट-अवरवर ठेवायची.

फोनपाशी दुसरा बट्टा असतो. ५,००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण साडेएकोणीस वॉट-अवर. पण पाच व्होल्ट पुन्हा बॅटरीच्या पातळीला उतरवताना आणि स्क्रीन-नेटवर्क चालवताना फोनही काही उधळतो, म्हणून तारेतून त्याला बावीस तरी द्यावे लागतात. साडेतिसाला बाविसाने भागा. जवळजवळ एक पूर्ण चार्ज आणि वर चाळीस टक्के. ‘दहा हजार म्हणजे पाच हजारांचा फोन दोनदा’ हा हिशोब कोणाच्याच घरी जमत नाही, तो यामुळे.

हे सगळं पुन्हा वाचायची वेळ आली ती भाचीमुळे. कोकणातून परतताना तिने स्टेशनाबाहेरच्या एका ठेल्यावरून २०,००० ची पॉवर बँक घेतली होती. ‘मामा, दहा-बारा मिनिटं चार्ज होतं आणि बंद पडतं. फोन आठ-नऊ टक्के चढतो फक्त. पण जरा वेळाने बटण दाबलं की पुन्हा तीन दिवे लागतात. म्हणजे आत चार्ज आहे ना?’

तिच्या पॉवर बँकेच्या पाठीवर मजकूर होता तो एवढाच : ठसठशीत सोनेरी अक्षरांत ‘२०,००० एमएएच’. व्होल्ट नाही, वॉट-अवर नाही, रेटेड क्षमता नाही, नोंदणी क्रमांकही नाही. (तो क्रमांक असता तरी क्षमतेची हमी त्यात नसते. ती नोंदणी सुरक्षिततेच्या चाचण्यांची असते, आणि बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक कोणाच्या नावावर आहे ते पाहता येतं.) एकटा आकडा, साक्षीला कोणी नाही. मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १४६ ग्रॅम. चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे दोनशे ते अडीचशे वॉट-अवर मावतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, तेव्हा नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत. माझी १०,००० ची २१२ ग्रॅम भरते. हलकी असेल तर दावा खोटा, हे वजन पक्कं सांगतं. पण जड असेल तर खरी, असं म्हणता येत नाही, कारण आत वाळू भरून वजन वाढवलेल्या वस्तूही सापडल्या आहेत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर दिव्यांत होतं. ते चार दिवे आत किती उरलंय ते मोजत नाहीत, स्वस्त सर्किटात ते फक्त सेलचं व्होल्टेज पाहतात. सेल जुना झाला की त्याच्या आतला रोध वाढतो. फोन जोडला आणि दोन अँपिअर ओढायला लागला की सेलचं व्होल्टेज या रोधापोटी खचतं. ते खचलं की बूस्ट सर्किट तेवढेच वॉट देण्यासाठी सेलकडून आणखी करंट ओढतं, त्याने व्होल्टेज आणखी खचतं, आणि तीन व्होल्टच्या खाली गेलं की संरक्षण सर्किट दार लावून घेतं. ओझं उतरलं की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि दिवे लागतात. धापा टाकत बसलेला माणूस जरा वेळाने उठून उभा राहतो, तसं. उभं राहता आलं म्हणून त्याला चढ चढवेलच असं नाही. (घड्याळ किंवा कानातले इअरबड लावल्यावर चांगली पॉवर बँकही मध्येच बंद पडते, पण ते दुखणं वेगळं. त्यांची ओढ इतकी कमी असते की सर्किटला वाटतं, काही जोडलेलंच नाही.)

म्हणून मी लोड एक अँपिअरवर आणला, म्हणजे सेलला दम लागू नये. १ तास २० मिनिटं चालली. बाहेर आले साडेसहा वॉट-अवर. बट्टा धरून आत पावणेआठ असावेत, म्हणजे सेलच्या नाण्यात २,१०० एमएएच. छापलेल्याचा दहावा हिस्सा.

मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेलो आणि त्याने ती उघडली. घरी हा उद्योग करू नये, सेलला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर तो पेट घेतो. आत बोटाएवढे दोन गोल सेल होते, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे. दोन्हींवर नवं कोरं निळं वेष्टन. पण टोकांच्या पत्र्यावर, आत्ता जोडलेल्या पट्टीच्या शेजारी, जुन्या वेल्डिंगचे काळे ठिपके स्पष्ट दिसत होते. त्याने नखाने निळं वेष्टन एका बाजूला सोलून दाखवलं. खाली आणखी एक वेष्टन होतं, उन्हाने फिकटल्यासारखं हिरवं, कडा खरवडलेल्या. त्याच्यावर मूळ कारखान्याने छापलेली ओळ अजून वाचता येत होती. मी मोबाइल जवळ नेला, कॅमेरा मोठा केला : २,२०० एमएएच, ३.७ व्होल्ट.