पूर्ण घनाची अट : मनोगणिताच्या पुस्तकांतील एका रीतीची चिकित्सा

संख्यांच्या खेळात रमणाऱ्या हुशार मुलासाठी पुस्तक निवडताना भारतीय पालकांसमोर सहसा दोन नावे येतात. भारती कृष्ण तीर्थ यांचे ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ १९६५ मध्ये, तर शकुंतला देवी यांचे ‘फिगरिंग’ १९७७ मध्ये प्रकाशित झाले. घनमूळ तोंडी काढण्याची रीत दोहोंतही आढळते. अशा पुस्तकांचे मूल्यमापन करण्यास ही एक रीतही पुरेशी ठरते.

४३८९७६ ही संख्या घेऊ. शेवटचे तीन अंक बाजूला ठेवल्यास ४३८ उरतात. ७ चा घन ३४३ आणि ८ चा ५१२. म्हणून घनमूळ सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान असले पाहिजे. मूळ संख्येच्या एककस्थानी ६ आहे आणि ० ते ९ या अंकांपैकी केवळ ६ च्या घनाच्याच शेवटी ६ येतो. उत्तर ७६. मूल ही रीत काही मिनिटांत शिकते आणि घरातील पाहुण्यांना चकित करते.

मात्र हीच रीत ४३८९८६ या संख्येलाही लावल्यास उत्तर ७६ च येते, आणि ते चूक असते. रीत फक्त पूर्ण घनसंख्येसाठी आहे; मधले दोन अंक ती पाहतच नाही. त्यामुळे चूक झाल्याची कोणतीही खूण उत्तरात उमटत नाही. ही अट पुस्तकात एका शब्दात येते, आणि उदाहरणे सर्व पूर्ण घनांचीच असल्यास ती तपासण्याची वेळ मुलावर कधी येत नाही.

येथे अंकांच्या बेरजेचा उपयोग होतो. कोणत्याही घनास ९ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा ८ च उरते. ४३८९८६ मधील अंकांची बेरीज ३८, म्हणजे बाकी २. ही संख्या घन असूच शकत नाही. परंतु ४३८७९६ मध्ये अंकांची केवळ अदलाबदल आहे. तिची बेरीज ४३८९७६ प्रमाणेच ३७, बाकी १. तरीही ती घन नाही. म्हणजे ही कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही. अखेरचा निर्णय ७६ चा घन प्रत्यक्ष करूनच होतो.

आवश्यक आणि पुरेशी अट यांतील हा भेद ज्या क्षणी मुलाच्या ध्यानात येतो, त्या क्षणी तोंडी हिशेब तर्कशास्त्रात प्रवेश करतो. हीच युक्ती वर्गमुळास का लागू पडत नाही, हा प्रश्नही मग त्यास सुचतो : २ आणि ८ या दोहोंच्या वर्गाच्या शेवटी ४ च येतो, त्यामुळे एकक अंकावरून निवड होत नाही.

सारांश, अशा पुस्तकाची परीक्षा त्यातील रीतींच्या संख्येवरून करणे योग्य नव्हे. रीत कोठे फसते याचे एक तरी उदाहरण ते देते काय, हे पाहावे. देत नसल्यास ते उदाहरण शिक्षकाने द्यावे.