माहितीपत्रकातला ‘तसेच’

जिंतूर तालुक्यातल्या एका विश्वस्त संस्थेनं संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं माहितीपत्रक नव्यानं छापलंय. जुनं आणि नवं, दोन्ही समोर ठेवून वाचली. नवं नक्कीच बरं आहे, पण ते अर्ध्यावर थांबलंय.

जुन्यात पहिलं पान अध्यक्षांचा फोटो आणि मनोगताला दिलं होतं. मग ‘विहित नमुन्यातील अर्ज परिपूर्ण कागदपत्रांसह सादर करावा’ हे वाक्य, आणि पात्रता अगदी शेवटी, बारीक अक्षरात. म्हणजे झेरॉक्स, फोटो, बसचं तिकीट असा सगळा खर्च झाल्यावर कळायचं की ही योजना आपल्यासाठी नाहीच. प्रयोगशाळेत अशी कृती कुणी लिहिली तर नमुना वाया जातो. इथं एका बाईची दिवसभराची मजुरी वाया जाते.

नव्यात पात्रता वर आणलीय आणि ती प्रश्नांच्या रूपात आहे. पहिलाच प्रश्न वयाचा: ‘तुमचं वय ६५ पेक्षा कमी आहे का?’ हे बरोबर केलंय. पासष्टी गाठलेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. त्यांनी पुढं वाचत बसायची गरजच नाही, तिकडं वळावं. दुसरा प्रश्न महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहण्याचा. तोही घरबसल्या सुटतो.

घोळ तिसऱ्यात आहे. पत्रक म्हणतं, ‘दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव तसेच कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न रु. २१,००० पर्यंत.’ नियमात इथं ‘किंवा’ आहे. यादीत नाव असेल किंवा उत्पन्न २१,००० च्या आत असेल, दोन्हींतलं एक पुरतं. (दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. तीही वेगळ्या ओळीत हवी.) ‘तसेच’ वाचून यादीत नाव नसलेली बाई पत्रक घडी घालून ठेवून देईल. जुन्या पत्रकातला हा शब्द नव्यात तसाच उतरला, कारण ओळी हलवल्या पण वाक्यं तपासली नाहीत. मला वाटतं सगळ्यात महाग चूक हीच.

आता कागदपत्रं. नव्या पत्रकात ती एकाखाली एक आहेत: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पतीचा मृत्यू दाखला. यादी ठीक आहे, पण हा क्रम संस्थेच्या फाईलचा झाला, धावपळ करणाऱ्या माणसाचा नाही. समजा, ४३ वर्षांची एक विधवा आहे, गाव जिंतूरजवळचं, पण नवरा वारला नांदेडच्या दवाखान्यात. ती मृत्यू दाखल्यासाठी आधी आपल्या ग्रामपंचायतीत जाणार, कारण पत्रकात फक्त ‘मृत्यू दाखला’ एवढंच आहे. ग्रामपंचायतीकडं ती नोंद नसतेच. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, राहत्या गावी नाही. म्हणजे तिला नांदेडला जायला लागणार. मृत्यू घरीच झाला असेल आणि नोंद करायची राहिली असेल, तर काम आणखी लांबतं: २१ दिवसांत कळवायचं असतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. जो कागद मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागू शकतो, तो यादीत सगळ्यात खाली आहे!

मी असा लिहीन:

‘आधी पतीचा मृत्यू दाखला काढा. मृत्यू ज्या गावात किंवा शहरात झाला, तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत किंवा सरकारी दवाखान्यात तो मिळतो. यादीत नाव नसेल तर मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. बँक खात्याला आधार जोडलंय का, ते बँकेत विचारून घ्या, कारण पैसे थेट खात्यात येतात. सगळे कागद हातात आले की अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रात द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.’

यात ‘सादर’, ‘विहित’, ‘सदर’ नाही, आणि काही अडतही नाही. अर्ज पुढं तालुका समितीसमोर जातो, हे एका ओळीत सांगावं. नाहीतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत म्हणून लोक दुसरा अर्ज भरतात.

एक गोष्ट दोन्ही पत्रकांत नाही आणि गावात सगळ्यात आधी तीच विचारतात: ‘लाडकी बहीण चालू आहे, हे पण मिळंल का?’ लाडकी बहीणच्या अटींनुसार दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई तिथं अपात्र ठरते. पत्रकात हे पात्रतेच्या प्रश्नांसोबतच यायला पाहिजे, कारण ठरवायचं आहे ते अर्ज करण्याआधी.

आणि छापल्याचा महिना. नव्या पत्रकावर तो कुठंच नाही. अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २,५००. महिना नसेल तर भिंतीवर डकवलेलं पत्रक किती जुनं आहे, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? संस्थेनं पुढच्या छपाईत अध्यक्षांच्या फोटोच्या जागी तारीख टाकली तरी चालेल.