नक्षीचे नाव आणि सुटलेला धागा

काही वर्षांपूर्वी एका पुरवणीसाठी मी साड्यांवर सदर लिहीत असे. त्यातल्या एका लेखात, समोर आलेल्या छायाचित्रावरून, मी एका साडीचे वर्णन 'दुहेरी इकत' असे केले होते. लाल जमीन, त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या कडांची पांढरी-हिरवी फुले, कडा किंचित पुसट. पुसट कडा म्हणजे इकत, एवढेच तेव्हा माझे ज्ञान होते. लेख छापून आल्यावर दोन महिन्यांनी एक वाचक बाई पत्ता शोधत घरी आल्या. त्यांनी तशीच साडी १८,००० रुपयांना घेतली होती. दुकानदाराने विश्वास बसावा म्हणून माझ्याच लेखाचे कात्रण दाखवले होते.

त्यांनी साडी माझ्यासमोर उलगडली आणि पदराच्या टोकाशी सुटलेला एक आडवा धागा ओढून माझ्या हातात दिला. "हा बघा ताई," त्या म्हणाल्या, "माझी आजी विणकराघरची. तिने एवढे एकच शिकवले होते, पण दुकानात ते आठवले नाही." धागा पांढरा होता. त्यावर अगदी बारीक लाल ठिपके होते: एक ठिपका, मग कोरी जागा, पुन्हा ठिपका. विणलेल्या कापडात आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो, पुढच्याखालून जातो. वर आला तिथे शाई लागली, खाली गेला तिथे नाही. म्हणजे कापड आधी पांढरे विणले गेले आणि नक्षी नंतर छापली गेली. इकतच्या कापडातून काढलेला धागा असा दिसत नाही. तो बोटभर लाल, मग बोटभर पांढरा, मग हिरवा असा लांब तुकड्यांत रंगलेला असतो आणि फिरवून पाहिला तरी सगळीकडून सारखाच दिसतो. कारण तो मागावर चढण्यापूर्वीच रंगलेला असतो.

त्या दिवसापासून नक्षीच्या नावांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. मराठी फॅशनलेखनात पेस्ली, हाउंडस्टूथ, गिंगम आणि इकत ही चार नावे एकाच माळेत ओवलेली आढळतात, जणू चारही चित्रांचीच नावे आहेत. पण पेस्ली हे एका आकाराचे नाव आहे. गिंगम आणि हाउंडस्टूथ ही धाग्यांच्या रंगक्रमाची आणि विणीची नावे आहेत. आणि इकत हे एका कृतीचे नाव आहे. मलय-इंडोनेशियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'बांधणे' असाच आहे. म्हणून नक्षी कशी दिसते याआधी ती कापडात केव्हा शिरली, हा प्रश्न विचारावा लागतो: सूत रंगवताना, विणताना, की विणून झाल्यावर?

हे समजायला गिंगम आणि हाउंडस्टूथ शेजारी ठेवून पाहावे. समजा, उभे धागे चार काळे, चार पांढरे या क्रमाने लावले आणि आडवेही तसेच भरले. वीण साधी ठेवली, म्हणजे एकावरून-एकाखालून, तर काळ्यावर काळा आला तिथे काळा चौकोन, पांढऱ्यावर पांढरा तिथे पांढरा, आणि दोन्ही मिसळले तिथे मीठमिरीसारखा करडा चौकोन. तीन छटा, पण रंग दोनच. हे गिंगम. प्रत्यक्षात त्याचे पट्टे चार धाग्यांहून बरेच रुंद असतात, पण हिशोब हाच. शाळेच्या गणवेशात आणि टेबलक्लॉथवर आपण ते आयुष्यभर पाहिलेले असते आणि त्याला 'चौकडी' म्हणतो. चौकडी हा शब्द चांगला आहे, पण ढोबळ आहे. लुंगीची चौकडी आणि मद्रासची बहुरंगी, असमान पट्ट्यांची चौकडी गिंगम नव्हे. गिंगमचे पट्टे सारख्या रुंदीचे असतात आणि बहुधा एक रंग आणि पांढरा एवढीच त्याची पुंजी असते.

आता धाग्यांना हात न लावता फक्त वीण बदलू. दोनावरून-दोनाखालून, आणि प्रत्येक ओळीत एक धागा सरकत. ही ट्विल वीण; जीन्सच्या कापडावर जी तिरपी रेघ दिसते, तिच्याच कुळातली. काळे आणि पांढरे चौकोन जागच्या जागी राहतात, पण करडा चौकोन उरत नाही. मिसळीच्या जागी तिरप्या पायऱ्या तयार होतात आणि त्या काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यांना चिकटतात. चौकोनाला दात फुटतात. हेच हाउंडस्टूथ. स्कॉटलंडच्या दक्षिण भागातल्या मेंढपाळांच्या लोकरी कापडातून ते आले. त्याच विणीत पट्टे रुंद केले, की दात पुन्हा तिरप्या रेघांच्या करड्या चौकोनात विरतात आणि मेंढपाळी चौकडी दिसू लागते. त्यामुळे 'छोटे चौकोन, तिरपे कोपरे' एवढे लिहून हाउंडस्टूथचे वर्णन होत नाही. आकृती तुटक दातांची आहे आणि काळी आकृती जशी आहे तशीच पांढरीही आहे, हे त्याचे मर्म. पांढऱ्या जमिनीवर काळे दात, असे जे सर्रास लिहिले जाते ते चूकच. तिथे जमीन नावाचे काही नसतेच.

या दोन्ही नक्षी कापडावर छापताही येतात आणि छापल्या जातात. पातळ क्रेपच्या ओढणीवर हाउंडस्टूथ दिसले तर ते छापील असणार. तिथे 'हाउंडस्टूथ छपाई' म्हणावे, कोणाची फसवणूक होत नाही, कारण ते नाव आता आकाराला चिकटले आहे.

पेस्लीबाबत तर हा प्रश्न उद्भवतच नाही. ती छापा, विणा, भरा, पेस्लीच राहते. तिथे घोटाळा नावाचा आहे. ग्लासगोजवळच्या पेस्ली गावात एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला जॅकार्ड मागावर विणल्या जात. नकल करणाऱ्या गावाचे नाव नक्षीला मिळाले. काश्मीरमध्ये सतराव्या शतकातला बुट्टा म्हणजे मुळांसकट दाखवलेले एकच फुलझाड होते. मग त्याचा गुच्छ झाला, शेंडा एका बाजूला झुकला, आणि शेवटी बाह्यरेषेने फुलांना आत कोंडून घेतले. आपल्याकडे त्या आकाराला कोयरी हा शब्द आहे, हळदीकुंकवाच्या कोयरीपासून पैठणीच्या काठापर्यंत. तरी पैठणीवर लिहिताना 'पेस्ली मोटिफ' लिहिणारे भेटतात. मी ते खोडते. पण याच्या उलटही करू नये. शेपूट लांब ओढून दुमडलेली, पोटात आणखी चार आकृत्या भरलेली, एकमेकींत गुंतलेली युरोपीय पेस्ली म्हणजे कोयरी नव्हे. कोयरी लहान, गोटीबंद आणि बहुधा सुटी असते.

शालीतही खरे उत्तर मागच्या बाजूला आहे. काश्मिरी कानी शालीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवला जातो. जॅकार्ड शालीत तो कापडाच्या पूर्ण रुंदीभर जातो, नको तिथे मागे मोकळा लोंबतो आणि नंतर कातरला जातो. पूर्वी काश्मिरी शाली जोडीने विकत, कधी दोन शाली पाठीला पाठ लावून शिवतही, म्हणजे उलटी बाजू दिसायलाच नको. शालजोडीतले टोमणे मारणाऱ्या आपल्या भाषेला हे ठाऊक असावे असे मला उगाच वाटते.

इकत मात्र आकारापुरते उरलेले नाव नाही, आणि म्हणूनच 'इकत प्रिंट' हा शब्दप्रयोग मला सलतो. इकतमध्ये सुताच्या जुड्या नक्षीच्या मापाने दोऱ्याने घट्ट बांधतात, रंगात बुडवतात, काही गाठी सोडतात, काही नव्या बांधतात, पुन्हा बुडवतात. गाठीखाली रंग थोडा झिरपतो आणि मागावर शेजारचे धागे केसभर मागेपुढे होतात. कडा पुसट होते ती यामुळे. पण ती कुठेही पुसट होत नाही. रंगवलेला धागा ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने होते. उभे सूत बांधले असेल तर फुलाच्या वरच्या-खालच्या कडा पिसारतात, बाजूच्या कडा बऱ्यापैकी सरळ राहतात. आडवे बांधले असेल तर याच्या उलट. दोन्ही बांधली असतील तर दोन्हीकडे, आणि दोन्ही सुतांवरचे रंग नेमके एकमेकांवर आणावे लागतात. ही दुहेरी इकत, पाटणचा पटोळा. साळवी कुटुंबांच्या मागावर एक साडी व्हायला चार-सहा महिने सहज जातात. या साळव्यांना बाराव्या शतकात कुमारपाल राजाने जालन्याहून पाटणला नेले अशी परंपरा सांगतात. ती खरी असेल तर मराठवाड्यातून गेलेली ही विद्या आपण आता छापील रूपात परत विकत घेतो आहोत.

माझ्या लेखातल्या त्या छायाचित्राकडे मी नंतर भिंग घेऊन पाहिले. फुलाच्या चारही कडा सारख्या पुसट होत्या, आणि बारा फुलांतले प्रत्येक फूल हुबेहूब आधीच्यासारखेच पुसट होते. हाताने बांधलेल्या सुतात असे होत नाही. प्रत्येक फुलाची कड थोडी वेगळी चुकते. मला ते तेव्हाच दिसायला हवे होते. उलटी बाजू पाहिली असती तरी उपयोग झाला नसता, कारण पातळ रेशमावर शाई आरपार जाते आणि मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. धागाच ओढावा लागतो.

चित्रावरून किती सांगावे, हा प्रश्न फॅशनच्या पानापुरता नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रांवर पट्टे आणि बाणासारख्या आकृत्या आहेत आणि त्यांवरून तिथे इकत होते असे वारंवार लिहिले जाते. होतेही असेल. पण भिंतीवरच्या वस्त्राचा धागा ओढता येत नाही. चित्रकाराने आकार दाखवला, सूत केव्हा रंगले ते नाही. तिथे 'इकतसारखी नक्षी' यापुढे जाणे म्हणजे मी त्या लेखात केली तीच चूक.

हल्ली कोणी छायाचित्र पाठवून मजकूर मागितला, तर मी आधी धाग्याचा फोटो मागते. तो आला नाही, तर लिहिते: लाल जमीन, पायरीच्या कडांची पांढरी-हिरवी फुले, इकतच्या धर्तीवर, विणलेली की छापील ते छायाचित्रावरून कळत नाही. संपादकांना हे लांब वाटते. एकाने कापून नुसते 'इकत' ठेवले, तेव्हा मी लेख परत मागवला. त्या बाईंची साडी दुकानदाराने परत घेतली नाही. त्या ती नेसतात, आणि कोणी विचारले की छापील आहे म्हणून सांगतात.