वाचवणारे आणि वाचणारे

एखाद्या संस्थेचे नाव हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय? कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, मग दोन-तीन शब्दांच्या पाटीची का होऊ नये? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि नाव प्रत्यक्ष बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. ज्या समाजाने हे पाहिले आहे त्याला नाव ही किरकोळ बाब आहे असे कोणी सांगू नये.

बांधकाम मजुरांच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्या संस्थेचे नाव कसे असावे, हा येथील प्रश्न आहे. नावात ऊब हवी, पण दया नको. हे बोलायला सोपे आहे आणि करायला अवघड आहे, कारण आपल्या मध्यमवर्गीय मराठीत ऊब आणि दया यांचे शब्द बहुधा एकच असतात. आधार, आसरा, छाया, सावली, ममता, मायेची ओंजळ. या प्रत्येक नावात कोणीतरी उभा आहे आणि कोणीतरी त्याच्या पायाशी बसला आहे. जो उभा आहे त्यानेच नाव ठेवले आहे.

या क्षेत्रातली काही खरी नावे तपासून पाहू. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजूर बायांची तान्ही मुले उन्हात पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. संस्थेचे नाव पडले मोबाईल क्रेशेस, म्हणजे फिरती पाळणाघरे. नाव परभाषेतले असले तरी त्यात मुलाची गरिबी कोठेही नाही. काम फिरते, म्हणून पाळणाघरही फिरते, एवढीच वस्तुस्थिती त्यात सांगितली आहे. पुढे १९८८ साली मुंबईत रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल काढले. पुण्यात या संस्थेचे काम बांधकामाच्या जागांवर पसरले. हे नाव बारकाईने वाचले तर त्यातली दिशा लक्षात येते. 'शाळेबाहेरचे मूल' असे आपण म्हणतो तेव्हा कमतरता मुलाकडे जाते. शाळा दाराशी आली पाहिजे असे म्हटले की चालायचे काम शाळेच्या अंगावर पडते. उणीव मुलाच्या नावे न मांडता व्यवस्थेच्या नावे मांडणे, हे या नावाचे मोठे यश आहे. पत्र्याच्या खोपीला उंबरठा असतोच कोठे, असा आक्षेप कोणी घेईल. पण उंबरठा नसलेल्या घरालाही उंबऱ्याचा मान देणे, हीच या नावातली ऊब आहे.

याच्या शेजारी 'साखरशाळा' हा शब्द ठेवून पाहा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याच्या परिसरात भरणाऱ्या शाळांना हे नाव रूढ झाले. ऐकायला गोड आहे. पण ही साखर कोणाची? मूल ऊस तोडणाऱ्याचे आणि नाव कारखान्याच्या मालाचे. त्याच्या उलट वसई भागात विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवर मजूर राहतात त्या झोपडीला ते स्वतः 'भोंगा' म्हणतात. हा शब्द वरून आलेला नाही. तो मजुराच्या तोंडातला आहे, आणि म्हणूनच तो सच्चा आहे. तरीही एक शंका उरते. मूल मोठे झाल्यावर, भोंगा मागे पडल्यावर, 'मी भोंगाशाळेत शिकलो' हे वाक्य त्याला अभिमानाने उच्चारता येईल की जपून?

येथे एक भेद करणे आवश्यक आहे, आणि तो बाबासाहेबांच्याच नावे देण्याच्या पद्धतीतून दिसतो. १९२४ साली त्यांनी स्थापन केलेल्या सभेचे नाव होते बहिष्कृत हितकारिणी सभा. 'बहिष्कृत' या शब्दात दया नाही, त्यात आरोप आहे. कोणीतरी बहिष्कार घातला म्हणून कोणीतरी बहिष्कृत झाला, असे तो शब्द सांगतो. 'हरिजन' हा शब्द नेमका हाच आरोप पुसून टाकतो आणि त्या जागी कृपा आणून ठेवतो. म्हणूनच १९३८ साली मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याला विरोध करून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. पण त्याच बाबासाहेबांनी महाविद्यालये काढली तेव्हा त्यांवर 'बहिष्कृत' लिहिले नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आले आणि पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद आले. मिलिंद हा नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा होता. विद्यार्थ्याला मिळालेले नाव प्रश्न विचारणाऱ्याचे होते.

याचा अर्थ असा की सभेचे नाव समाजाला उद्देशून असते आणि शाळेचे नाव मूल अंगावर घेऊन फिरते. सभेच्या नावात जखम दाखवणे योग्य आहे, कारण तेथे जखम हा पुरावा असतो. शाळेच्या नावात तीच जखम दाखवली तर ती मुलाच्या दाखल्यावर उमटते. 'वंचित', 'उपेक्षित', 'निराधार' हे शब्द मोर्चाच्या फलकावर शोभतात, पण सात वर्षांच्या मुलीच्या वहीवर शोभत नाहीत.

आता हे सारे कळंबला आणून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव चिंतामणीच्या देवळासाठी ओळखले जाते. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा मार्गावर रूळ, पूल, स्थानक यांचे काम पुढे सरकते तसे मजुरांचे तळही पुढे सरकतात. या जिल्ह्यात मराठीच्या वऱ्हाडी बोलीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी या भाषा बोलल्या जातात, आणि परप्रांतातून आलेला मजूर आपली भाषा वेगळीच घेऊन येतो. अशा तळावर वाचन शिकवायला कोणी संस्था काढली, तर पाटीवर काय लिहील?

पहिला मोह 'चिंतामणी'चा होईल. पण चिंतामणी म्हणजे मागाल ते देणारा. पुन्हा देणारा आणि मागणारा आलाच, शिवाय तळावरची सगळी मुले त्या देवाची असतीलच असेही नाही. दुसरा मोह ज्ञानदीप, उत्कर्ष, प्रेरणा, स्नेहांकुर या जातीच्या नावांचा. यांच्यातला दोष केवळ शिळेपणाचा नाही. ही संस्था वाचायला शिकवते, म्हणजे दारावरची पाटी हे मुलाचे पहिले पाठ्यपुस्तक ठरते. मराठी वाचन शिकवताना आधी साधी अक्षरे येतात, मग काना-मात्रा-वेलांटी, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. 'ज्ञ' तर मुळाक्षरांच्या तक्त्यावर अगदी अखेरचे अक्षर. ज्या मुलाचे कुटुंब चार-सहा महिन्यांत पुढच्या कामावर जाणार, त्याला आपल्याच शाळेचे नाव वाचता येण्याआधी तळ हललेला असेल. हे नाव मुलासाठी ठेवलेले नसते, ते देणगीदारासाठी ठेवलेले असते. तेव्हा पहिली कसोटी अगदी व्यवहारातली आहे. काना-वेलांटी शिकलेल्या मुलाने पाटीपुढे उभे राहून ती वाचली पाहिजे. 'आधार' ही कसोटी पार करते, हे मान्य. पण मुलाला वाचता आलेला पहिला शब्द 'आधार' असावा काय?

साहित्यिक कानाला 'पाटी' हे नाव फार आवडेल. पाटी म्हणजे मुलाची अक्षरे गिरवायची पाटी, आईच्या डोक्यावरची ओझ्याची पाटी, आणि दारावरची पाटीही. जोडाक्षर एकही नाही. तरीही हे नाव दोन ठिकाणी अडते. वऱ्हाडात आईच्या डोक्यावर असते ते टोपले किंवा घमेले. तेथे 'पाटी' म्हणताच ओझे आठवणार नाही, आणि ज्या श्लेषावर नाव उभे आहे तो तळावर पोचणारच नाही. दुसरे म्हणजे पाटी म्हटली की 'कोरी' हे विशेषण मागोमाग येते. विटांचे थर मोजणारे, तीन भाषांत भांडणारे, बापाची हजेरी तोंडपाठ असलेले मूल कोरे नसते.

मग उरते काय? 'वाचणे' हे क्रियापद उरते. मराठीत एका अक्षराने वाचणे आणि वाचवणे यांत केवढा फरक पडतो पाहा. वाचवणे म्हटले की कर्ता संस्था होते आणि मूल कर्म होते. वाचणे म्हटले की कर्ता मूलच असते. दयेचा सारा प्रश्न या एका 'व'मध्ये साठलेला आहे. 'वाचणारी मुले, कळंब' असे नाव घ्या. त्यात जोडाक्षर नाही, देव नाही, दाता नाही. मुले आज काय करीत आहेत तेवढे ते सांगते. हिंदी बोलणाऱ्या आईलाही 'बाँचना' ठाऊक असल्याने शब्द अगदी परका वाटणार नाही. मुकादमाने फाटकावर 'पोरगी कोठे?' असे विचारले तर ती ताठ मानेने सांगू शकते, आणि ही दुसरी कसोटी आहे. तिसरी कसोटी वीस वर्षांनंतरची: नोकरीच्या अर्जात हे नाव लिहिताना हात अडखळता कामा नये.

या नावातही एक फट आहे. 'वाचणे' म्हणजे जगून उरणे असाही अर्थ होतो, आणि कोणी हटकून 'संकटातून वाचलेली मुले' असा अर्थ काढील. त्यावर उपाय नावात नाही, तो पत्रकात आहे. संस्थेने आपल्या अहवालात मुलांचे वर्णन 'लाभार्थी' म्हणून केले की चांगले नावही तेथेच विटते. अडचण सरकारदरबारीही आहे. सात सभासद जमवून नोंदणी करायला जावे तर कचेरीचे नावच 'धर्मादाय' आयुक्तांचे. पण सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण २००९ च्या कायद्याने हक्काचे झाले आहे. ज्या बांधकामावर पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असत, तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी जागा देणे १९९६ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक केले होते. हक्काची गोष्ट दानाच्या रजिस्टरात लिहावी लागते. म्हणून निदान तिचे नाव तरी दानाचे असू नये.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत जाण्याची आवश्यकता मांडली आहे. करुणा दुःखाकडे पाहते, मैत्रीला समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा लागतो. ऊब आणि दया यांतले अंतर याहून नेमके सांगता येणार नाही. आणि बरोबरीच्या माणसाचे नाव ठेवायचे झाले, तर ते आधी त्याला विचारावे लागते. तळावरच्या आयांना चार नावे म्हणून दाखवावीत आणि कोणते नाव त्यांच्या तोंडी दुसऱ्या दिवशी उरते ते पाहावे. बहुधा त्या नुसते 'शाळा' म्हणतील. तसे झाले तर ते नावाचे अपयश मानू नये. त्यांनी त्या पत्र्याच्या खोलीला खरी शाळा मानले, एवढाच त्याचा अर्थ आहे.