मालिन यांची दोन साधने आणि व्हिडिओ कॉल

नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी मुलांसाठीच्या दोन परदेशी साधनांची भारतीय रूपे तयार केली. एक वेक्स्लरच्या कसोटीवर बेतलेली बुद्धिमापन कसोटी, म्हणजे ‘मिसिक’. दुसरी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी. बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन्ही वापरतात. २०२० च्या टाळेबंदीत अशा तपासण्या दुरून करण्याची वेळ आली. ‘दुरून घेतली तरी कसोटी तीच’ असे तेव्हापासून सर्रास गृहीत धरले जाते. माझा आक्षेप त्यावर आहे.

समजा, रायपूरच्या पंडरीत आठ वर्षांचा मुलगा मोबाइलसमोर बसला आहे आणि मानसशास्त्रज्ञ नागपुरात आहेत. व्हाइनलँड श्रेणी मुळात पालकांची मुलाखत आहे. मुलगा बटणे स्वतः लावतो का, दुकानातून किरकोळ वस्तू आणतो का, हे आईला विचारायचे असते. आवाज तुटला तर प्रश्न पुन्हा विचारता येतो आणि उत्तर बिघडत नाही. फक्त मागे बसलेली आजी उत्तरे सुचवत नाही ना, एवढे पाहावे लागते.

मिसिकमधल्या अंकस्मरणाचे तसे नाही. सेकंदाला एक या गतीने अंक ऐकवायचे आणि मुलाने ते त्याच क्रमाने म्हणायचे. समजा अंक आहेत ३, ७, १, ५. (हे मी रचलेले आहेत; कसोटीतले अंक छापू नयेत.) इथे आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही, कारण सगळेच अंक सारखे उशिरा येतात. उशीर कमीजास्त होऊ लागला की मात्र सॉफ्टवेअर काही आवाज ताणते, काही गाळते आणि अंकांमधली अंतरे बदलतात. त्यात गोंगाट कमी करणारे फिल्टर ‘स’चा सीत्कार गोंगाट समजून कापू शकते. मग ‘सात’चा ‘आत’ होतो आणि मुलगा ‘आठ’ म्हणतो. त्याने ऐकले तेच सांगितले, पण नोंद होते स्मरणाच्या चुकीची. मालिका पुन्हा वाचावी, तर सराव मिळतो.

हे ओळखण्यासाठी आधी एकेक सुटा अंक मुलाकडून वदवून घ्यावा आणि मुलाच्या बाजूला दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करावा. त्यात ‘आत’ ऐकू आले, तर ती मालिका रद्द.

ठोकळ्यांची नक्षी आणि संकेतलेखन यांचा प्रश्न नेटवर्क सुधारूनही सुटत नाही. ठोकळे हाताने फिरवायचे असतात आणि संकेत पेन्सिलीने वेळेत भरायचे असतात. बोटाने पडद्यावर ओढणे हे वेगळेच काम झाले. जुनी मानके त्याला लावता येत नाहीत. शब्दार्थ आणि साम्य या उपकसोट्या बऱ्याच टिकतात, कारण तिथे घाई नाही आणि शब्द पुन्हा सांगता येतो.

उपकसोट्यांचे गुणांक एकत्र करूनच बुद्ध्यांक निघतो. ७० च्या आसपासच्या मुलाचे दोनतीन गुणांक असे खोटे खाली गेले, तर तो रेषेखाली जाऊ शकतो. म्हणून अहवालात ते रकाने कोरे ठेवावेत, फक्त शाब्दिक भागाचे निष्कर्ष लिहावेत आणि ‘पूर्ण बुद्ध्यांक’ प्रत्यक्ष भेटीपर्यंत लिहूच नये.