ओढ, ओहोटी आणि चार सेकंद

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की आरे-वारेचे दोन्ही किनारे चढणीवरून दिसतात. बहुतेक गाड्या तिथे फोटोसाठी थांबतात. लाटा फुटत असताना वरून नीट पाहिले, तर पांढऱ्या फेसाच्या रांगेत मध्येच एखादा गडद, शांत पट्टा दिसतो. खाली वाळूवर उतरलेल्या माणसाला तीच जागा पाण्यात शिरायला सोयीची वाटते, कारण तिथे लाट फुटत नाही. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी अशाच वाटेने समुद्रात परत जात असते. जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्या समुद्रात चार जण बुडाले, आणि त्यानंतर त्या भागातल्या एका घरगुती निवासाच्या मालकांनी मला एक काम सांगितले. जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर ते एक मिनिटाची इंग्रजी चित्रफीत लावत असत. परतीच्या प्रवाहापासून कसे वाचावे, हा तिचा विषय. "पाहुणे सांगली-कोल्हापूरकडचे असतात. बघतात सगळे, पण कळत कुणालाच नाही. तुम्ही तेवढे मराठीत करून द्या," असे ते म्हणाले.

चित्र बदलता येणार नव्हते. आवाज नवा घालायचा आणि पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या झाकून त्यांच्या जागी मराठी पाट्या बसवायच्या, एवढीच मुभा होती. या प्रकारच्या कामात सर्वत्र एक तक्रार ऐकू येते, की मराठी लांबते. तिच्यावरचे ठरलेले उपायही दोनच असतात. एक, शब्द छाटायचे. दोन, निवेदकाला भरभर वाचायला लावायचे. मी आधी हेच केले आणि फसलो. कशामुळे फसलो याचा हिशोब मांडल्यावर असे दिसले, की वेळेचा प्रश्न लांबीपेक्षा क्रमाचा आणि शब्दनिवडीचा जास्त असतो. हा लेख त्या हिशोबाचा आहे.

चित्रफितीतले सर्वांत महत्त्वाचे दृश्य चार सेकंदांचे आहे. प्रवाहात सापडलेला माणूस वरून दिसतो आणि दुसऱ्या सेकंदाला एक पिवळा बाण त्याच्यापासून आडवा सरकतो. इंग्रजी निवेदनाचा आशय असा : सापडलात तर घाबरू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. माझे पहिले भाषांतर होते, "जर तुम्ही प्रवाहात सापडलात तर घाबरून जाऊ नका. किनाऱ्याला समांतर दिशेने पोहा." व्याकरणात खोट नाही, अर्थही बरोबर.

आता ठोके मोजू. ठोका म्हणजे उच्चारातला एक तुकडा. 'जर' लिहिताना अक्षरे दोन, पण बोलताना ठोका एकच. 'सापडलात' लिहिताना पाच अक्षरे, बोलताना तीन ठोके. लिहिलेली अक्षरे मोजून आवाजाचा अंदाज बांधला तर मराठीत नेहमी चुकते, कारण आपण अंत्य 'अ' गिळतो. इंग्रजी निवेदनात चौदा ठोके होते, माझ्या भाषांतरात एकोणतीस. ताटांच्या आवाजातही कळेल अशा बेताने वाचले, तर सेकंदाला पाच ठोके बसतात, असे मी घड्याळ लावून पाहिले. म्हणजे माझ्या मजकुराला पावणेसहा सेकंद हवेत आणि जागा चार सेकंदांची.

पण खरा घोटाळा वेगळाच आहे. इंग्रजीत 'पॅरलल' हा शब्द आठ ठोक्यांनंतर, म्हणजे साधारण दुसऱ्या सेकंदाला येतो आणि नेमका तेव्हाच बाण सरकतो. माझ्या मराठीत 'समांतर' हा शब्द एकवीस ठोक्यांनंतर, सव्वाचार सेकंदांनी येत होता. तोवर दृश्य संपलेले असे. बाण सरकत असताना प्रेक्षकाच्या कानावर 'घाबरून जाऊ नका' पडे, आणि 'समांतर' ऐकू येई तेव्हा समोर पुढच्या दृश्यातला किनारा असे. निवेदकाने सव्वापटीने भरभर वाचले तरी तो शब्द सव्वातीन सेकंदांच्या अलीकडे येत नाही. वेग वाढवून लांबी आटोक्यात येईल, पण शब्द आणि चित्र यांची गाठ पडत नाही.

शेवटी ठेवलेले वाक्य असे : "ओढीत सापडलात? आडवे पोहा, किनाऱ्याकडे नको." ठोके सतरा. प्रश्नानंतर अर्ध्या-पाऊण सेकंदाचा विराम घेतला, की 'आडवे' आणि बाण एकाच वेळी येतात. 'घाबरू नका' मी सरळ काढून टाकले. घाबरू नका असे सांगितल्याने भीती जात नाही, पण काय करायचे ते कळले तर ती थोडी कमी होते. मिळालेल्या ठोक्यांत 'किनाऱ्याकडे नको' बसले. इंग्रजीत ते नव्हते. आमच्या पाहुण्यांना मात्र ते हवेच, कारण माणूस सगळा जोर लावून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारतो आणि तिथेच दमतो. अशा प्रवाहाचा वेग कधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. त्याच्या उलट दिशेने पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

दुसरी अडचण नकाराची. मराठीत क्रियापदापाठोपाठ नकार येतो, म्हणजे बहुधा वाक्याच्या अगदी टोकाला. चित्रफितीत एक खाली जाणारा बाण येतो आणि त्याच्यावर लगेच फुली पडते. हा प्रवाह खाली ओढत नाही, समुद्राकडे बाहेर नेतो, हे तिथे सांगायचे आहे. मी लिहिले होते, "हा प्रवाह तुम्हाला पाण्याखाली ओढत नाही." फुली पडून गेल्यावरही निवेदक 'पाण्याखाली ओढत' इथेच असे. संकलकाने दृश्याच्या मापाने आवाजाची शेपटी कापली असती, तर वाक्याचा अर्थ उलटा झाला असता. बोलीत मात्र यावर उपाय तयार आहे. आपण बोलताना नकार सहज पुढे आणतो : "खाली नाही ओढत, बाहेर नेते." लिहिताना हे वाक्य कच्चे वाटेल. पण कानाला ते पक्के आहे आणि फुली बरोबर 'नाही'वर पडते.

पाट्यांवरही हाच धोका असतो. 'पाण्यात उतरू नका' ही पाटी अरुंद चौकटीत 'पाण्यात उतरू' आणि 'नका' अशी दोन ओळींत तुटते. लांबच्या टेबलावरच्या माणसाला पहिली ओळ आधी दिसते, आणि ती आमंत्रण देते. म्हणून शक्य तिथे नकार टाळून 'बाहेरच थांबा' असे लिहावे. ते जमत नसेल, तर ओळ कुठे तोडायची हे आपण ठरवावे, यंत्रावर सोडू नये.

पाटीच्या मापाबद्दल एक गैरसमज आहे, की अक्षरसंख्या जुळली म्हणजे पाटी बसली. 'स्विम पॅरलल टू शोअर' ही इंग्रजी पाटी रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून बावीस अक्षरांची. 'किनाऱ्याला समांतर पोहा' यालाही संगणक बावीसच मोजतो, कारण तो काना, वेलांटी, अनुस्वार सुटे धरतो. डोळ्याला मात्र तिथे दहाच अक्षरे दिसतात. रुंदीची ओढाताण मुळात नव्हतीच, अडचण उंचीची होती. मूळ पट्टी रोमन मोठ्या अक्षरांच्या मापाची होती, आणि त्या अक्षरांना शिरोरेघेवरची मात्रा नसते की खालचा उकार नसतो. तिच्यात देवनागरी बसवताना वरचे अनुस्वार नाहीतर खालचे उकार छाटले जातात, किंवा सगळेच मावावे म्हणून अक्षर इतके बारीक करतात की वाचता येत नाही. पट्टी तपासायला मी 'दुर्गुणांमुळे' हा शब्द टाकून पाहतो. त्यात रफार, अनुस्वार, मात्रा आणि उकार सगळे आहे. तो अखंड दिसला की पट्टी चालेल. शेवटी पाटीवरही 'आडवे पोहा' एवढेच ठेवले. पाचच अक्षरे, त्यामुळे आकार जवळजवळ दुप्पट करता आला.

सर्वांत मोठी चूक मात्र एका शब्दाची होती. 'रिप करंट'ला प्रतिशब्द शोधताना मी 'ओहोटीचा प्रवाह' लिहून बसलो. इंग्रजीतही याला पूर्वापार 'रिप टाइड' म्हणण्याची सवय आहे आणि तीही चुकीचीच, कारण हा प्रवाह भरती-ओहोटीने तयार होत नाही. लाटा फुटून किनाऱ्याशी पाणी साचते, ते जिथे वाट मिळेल तिथून परत धावते. ओहोटीच्या सुमारास तो अनेकदा जोर धरतो, पण भरतीतही असू शकतो. माझी पहिली प्रत पाहून एका पाहुण्यांनी विचारले, "म्हणजे भरती असेल तर पाण्यात जायला हरकत नाही ना?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. मी लिहिले त्याचा अर्थ तोच होत होता.

'परतीचा प्रवाह' अचूक आहे, पण त्याला पाच ठोके लागतात आणि मिनिटभरात तो सहा वेळा येतो. शिवाय वाळूवर असे कुणी बोलत नाही. किनाऱ्यावरची माणसे म्हणतात, "पाण्याला ओढ आहे, पुढे जाऊ नका." तो शब्द माझ्या कानावर लहानपणापासून होता, फक्त मी तो कागदावर येऊ दिला नव्हता. सुरुवातीला एकदाच 'समुद्राकडे नेणारी ओढ' असे सांगितले आणि पुढे नुसते 'ओढ' ठेवले. 'रिप करंट'पेक्षाही ते आखूड. मराठी लांबते ही तक्रार पुष्कळदा पुस्तकी मराठीची असते.

घोषवाक्याच्या बाबतीत मी हट्ट सोडला. अमेरिकेच्या हवामान खात्याचे 'ब्रेक द ग्रिप ऑफ द रिप' प्रसिद्ध आहे. त्याची सगळी गंमत ग्रिप आणि रिप या यमकात आहे. मराठी यमक जुळवायला बसले की अर्थ त्याच्या मागे फरपटतो. ती जागा मी रिकामी सोडली. तिथे नुसता लाटांचा आवाज आहे.

मूळ संहितेत जीवरक्षकाचा मनोरा आणि झेंडे यांवर आठ सेकंद खर्च झाले होते. आपल्याकडे ते प्रत्येक किनाऱ्यावर नसतात. 'जीवरक्षक असेल तर त्याचे ऐका' एवढ्यावर ते भागवले आणि उरलेले पाच सेकंद मूळ संहितेने न विचारलेल्या दोन प्रश्नांना दिले. पोहता येत नसेल तर? "पाठीवर तरंगा, हात वर करा." आणि आपले माणूस ओढीत गेलेले दिसले तर? "दोरी फेका, रिकामा कॅन फेका, ११२ लावा." वाचवायला उडी घेणाराही बुडतो, हे सांगायला जागा उरली नाही. ती उणीव राहिलीच. न पोहणाऱ्याला मिनिटभर पाहून तरंगता येईल, असाही माझा दावा नाही.

तयार प्रत आम्ही तीनदा लावली. एकदा आवाज बंद करून, एकदा पाहुण्यांना पाठ फिरवून बसायला सांगून, आणि मग नेहमीसारखी. 'समजले का?' असे विचारले की सगळे हो म्हणतात, म्हणून तो प्रश्न टाळला. "ओढीत सापडलात तर काय कराल?" असे विचारले. नऊपैकी सात जणांनी तोंडाने उत्तर न देता हात आडवा फिरवून दाखवला. उरलेल्या दोघांनी सांगितले, की ते पाण्यात उतरणारच नाहीत.