म्हणून दारातच

आधी कविता:

सात वाजता येतो म्हणालास
पावणेसातला पाऊस आला

छत्र्या अजून माळ्यावर
पत्र्यावर आता
दुसरं काहीच ऐकू येत नाही

फाटक उघडून ठेवलंय
दाराशी गोणपाट टाकलंय
चहाचं आधण
एकदा आटलं
पुन्हा ठेवलं

कुणी हाक मारली तर
कळेल का मला
या आवाजात

म्हणून दारातच

पाऊस हंगामातला पहिला आहे, हे कवितेत कुठेच म्हटलेलं नाही. ते छत्र्यांवरून कळतं. त्या अजून माळ्यावर, म्हणजे घर बेसावध सापडलं. आणि येणाराही बहुधा बिनछत्रीचाच निघालेला. वाट पाहण्यात काळजी मिसळते ती या ओळीपासून. 'मृद्गंध' वगैरे शब्दांच्या वाटेला कवी गेला नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

सुरुवातीच्या दोन ओळी मोजून पाहा. दोन्ही अकरा-अकरा अक्षरांच्या आहेत. त्याचा शब्द आणि पावसाचं येणं एकाच वजनाचं; दोघांत अंतर फक्त पंधरा मिनिटांचं. ही तोलून धरलेली लय पुढे मोडते. अनिलांनी 'भग्नमूर्ती'सारख्या दीर्घकाव्यातून मराठीत रुजवलेला मुक्तछंद वाचताना आतली आवर्तनं जाणवत राहतात. इथे तसं आवर्तन नाही. ओळ बोलण्याच्या श्वासावर तुटते, आणि 'एकदा आटलं / पुन्हा ठेवलं' इथे ते तुटणं सार्थकी लागतं. किती वेळ गेला हे घड्याळाऐवजी आधण सांगतं. सातची वेळ कधीच टळली आहे, पण तसं म्हणायची हिंमत बोलणाऱ्यापाशी नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची ओळ. 'उभी आहे' की 'उभा आहे'? क्रियापद गाळल्यामुळे ते कळत नाही. मागे वळून पाहिलं तर लक्षात येतं की कवीने ही काळजी पहिल्यापासून घेतली आहे. 'उघडून ठेवलंय', 'टाकलंय' ही क्रियापदं फाटकाप्रमाणे, गोणपाटाप्रमाणे चालतात. बोलणाऱ्याचं लिंग ती उघड करत नाहीत. येणारा मात्र पुरुष, तोही अरेतुरेतला. 'म्हणालास'मधून एवढं नक्की होतं. त्यामुळे ही प्रेयसी असेल, आई असेल, मुलाची वाट पाहणारा बापही असेल. बापाच्या तोंडी वाचली की गोणपाटाची ओळ एकदम जड होते.

शिवाय 'म्हणून' हा शब्द उमाळ्याचा नाही, हिशेबाचा आहे. पावसाने कान निकामी केले, हाकेचा भरवसा उरला नाही, आता डोळ्यांनीच काम भागवायचं. दारात उभं राहण्यामागे इतकं व्यवहारी कारण आहे.

एकच ओळ मला जास्तीची वाटते: 'या आवाजात'. पत्र्याने तो आवाज आधीच ऐकवला आहे. ती काढली असती, तर 'कळेल का मला' या प्रश्नात दुसरी एक भीतीही ऐकू आली असती: आलेला माणूस ओळखता येईल का, ही.